प्रबोधनकाळावरचं दहा गुणांचं उत्तर

प्रश्न: सर, मी बी.ए. दुसऱ्या वर्षाला आहे. "प्रबोधनकाळ म्हणजे काय? कला, विज्ञान आणि विचार यांवर त्याचे काय परिणाम झाले, थोडक्यात लिहा" हा प्रश्न आम्हाला हमखास येतो. मी लिओनार्दो, मायकेलअँजेलो, कोपर्निकस, गॅलिलिओ सगळ्यांची नावं लिहिते, १४५३ पण लिहिते, तरी दहापैकी चार-पाचच मिळतात. नेमकं काय समजून घ्यायचं आणि थोडक्यात कसं मांडायचं?

उत्तर:

आधी पेपरात लिहिण्याजोगा मजकूर देतो, मग त्यातलं प्रत्येक वाक्य कुठून आलं ते सांगतो.

"साधारण १४व्या ते १६व्या शतकांत, प्रथम फ्लॉरेन्ससारख्या इटलीतील व्यापारी शहरांत आणि नंतर युरोपात इतरत्र, प्राचीन ग्रीक-रोमन ग्रंथ व कला मुळातून अभ्यासण्याची जी लाट आली तिला प्रबोधन म्हणतात. मूळ शोधताना ते ताडून पाहण्याची सवय लागली. चित्रकलेत यथार्थदर्शनाचे, म्हणजे सपाट पृष्ठावर खोली दाखवण्याचे, नियम आले. अल्बर्टीने ते १४३५ साली लिहून काढले. वैद्यकात व्हेसॅलियसने १५४३ साली मानवी शवविच्छेदनाच्या आधारे गेलन या प्राचीन वैद्याच्या चुका दाखवल्या. विचारांच्या क्षेत्रात लोरेन्झो व्हाल्लाने १४४० साली भाषेच्या आणि इतिहासाच्या पुराव्यावरून चर्चच्या एका महत्त्वाच्या दानपत्राला बनावट ठरवले. छपाईमुळे अशी तपासणी दूरवर पोचली. मात्र हा बदल मुख्यतः शिकलेल्या थोड्या लोकांपुरता होता आणि त्यामुळे धर्मश्रद्धा संपली नाही."

एवढंच. शंभराच्या आसपास शब्द होतात आणि त्यात प्रबोधनकाळातली नावं फक्त तीन आहेत. मी सव्वीस वर्षं हा विषय शिकवतोय आणि या प्रश्नाच्या उत्तरपत्रिकांचे गठ्ठेच्या गठ्ठे तपासलेत. गुण नावं कमी पडली म्हणून जात नाहीत. नावांची माळ असते, पण तिच्यात दोरा नसतो, म्हणून जातात. "लिओनार्दोने मोनालिसा काढली, कोपर्निकसने सूर्यकेंद्री सिद्धान्त मांडला" ही दोन वाक्यं शेजारी ठेवली की तपासणाऱ्याच्या मनात येतं, बरं, मग यांचा एकमेकांशी संबंध काय? तो संबंध सांगितलात की उत्तर उभं राहतं.

माझ्या मते तो दोरा असा आहे. या लोकांना नवं काही करायचं नव्हतं. त्यांना जुनं परत मिळवायचं होतं, तेही अगदी अस्सल, भेसळ नसलेलं. इटालियन कवी पेट्रार्कला १३४५ साली व्हेरोना इथल्या ग्रंथसंग्रहात प्राचीन रोमन वक्ता सिसरो याची विस्मृतीत गेलेली पत्रं सापडली, तेव्हा त्याचा आनंद हा एखाद्याला आजोबांच्या हातची पत्रं माळ्यावर सापडावीत तसा होता. पण अस्सल हवं म्हटलं की नकल आणि अस्सल यांतला फरक ओळखावा लागतो. हा शब्द सिसरोने खरंच वापरला असेल का, की मधल्या हजार वर्षांत कुणा नकलनविसाने घुसडला? हे विचारायची सवय एकदा लागली की ती नकलनविसापाशी थांबत नाही. ती सिसरोलाही प्रश्न विचारते, गेलनलाही आणि पोपलाही. म्हाताऱ्याचा मान राखायला म्हणून गेलेली मंडळी त्याच्या हिशोबाच्या वह्या तपासायला लागली, असं काहीसं झालं.

आता १४५३ बद्दल. "तुर्कांनी कॉन्स्टँटिनोपल घेतलं, तिथले विद्वान पुस्तकं घेऊन इटलीत पळाले आणि प्रबोधन सुरू झालं" हे वाक्य मला जवळपास प्रत्येक उत्तरपत्रिकेत भेटतं. ते पूर्ण चूक नाही, पण कारण म्हणून उशिराचं आहे. कॉन्स्टँटिनोपलचा मॅन्युएल क्रिसोलोरस १३९७ साली फ्लॉरेन्समध्ये ग्रीक शिकवायला आला होता, तोही पळून नव्हे, शहराने रीतसर बोलावलं म्हणून. वास्तुकार ब्रुनेलेस्की, चित्रकार मासाच्चो आणि व्हाल्ला यांची मी खाली सांगतोय ती कामं १४५३च्या आधीची आहेत. तेव्हा १४५३ लिहायचंच तर "आधीच सुरू असलेल्या ग्रीक अभ्यासाला बळ मिळालं" असं लिहा. खरं इंधन होतं ते इटलीतल्या शहरांचा लोकरीचा, कापडाचा, सावकारीचा पैसा, आणि करारमदार, पत्रव्यवहार, वकिली यांसाठी चांगलं लॅटिन येणाऱ्या कारकुनांची त्या शहरांना असलेली गरज. त्या कारकुनांतूनच हे ग्रंथवेडे निघाले.

चित्रकलेकडे येऊ. इथे विद्यार्थी "चित्रे अधिक वास्तववादी झाली" असं लिहून मोकळे होतात. कशी झाली, ते कागदावर करून पाहिल्याशिवाय कळत नाही, म्हणून पट्टी-पेन्सिल घ्या. ज्यांनी इंटरमिजिएट ड्रॉइंगची परीक्षा दिली असेल त्यांना हे रेघाकाम ओळखीचं वाटेल.

आपल्याला चौकोनी फरशा घातलेली जमीन काढायची आहे, समोर दूर जाणारी. कागदाच्या खालच्या बाजूला १२ सेंटिमीटरची आडवी रेघ मारा आणि तिच्यावर दर ३ सेंटिमीटरवर खूण करा. चार फरशा झाल्या. रेघेच्या मधोमध, बरोबर ९ सेंटिमीटर वर, एक बिंदू द्या. ही बघणाऱ्याच्या डोळ्याची उंची. पाचही खुणांपासून त्या बिंदूपर्यंत रेघा ओढा. दूर जाणाऱ्या कडा तयार झाल्या. इथपर्यंत कुणीही येतं. अडचण पुढे आहे: आडव्या रेघा कुठे कुठे मारायच्या? दूरच्या फरश्या बुटक्या दिसतात हे सगळ्यांना ठाऊक होतं. पण किती बुटक्या?

त्या काळच्या काही चित्रकारांचा हातचा नियम होता की पहिल्या पट्ट्याच्या दोनतृतीयांश दुसरा, त्याच्या दोनतृतीयांश तिसरा. अल्बर्टीने आपल्या चित्रकलेवरच्या ग्रंथात हा नियम सरळ चूक ठरवला. आपल्या आकृतीत बघू. वरच्या बिंदूच्या पातळीवर, उजवीकडे १२ सेंटिमीटर अंतरावर दुसरा बिंदू द्या. चित्रापासून बघणारा किती लांब उभा आहे, ते हे अंतर सांगतं. आता खालच्या रेघेच्या डाव्या टोकापासून या नव्या बिंदूपर्यंत एकच तिरपी रेघ ओढा. ती जिथे जिथे दूर जाणाऱ्या कडांना छेदते, तिथे तिथे आडव्या रेघा येतात. (अल्बर्टीची स्वतःची कृती थोडी वेगळी होती, निकाल हाच.) मोजून पाहा: पायापासून १.८, ३, जवळपास ३.९ आणि ४.५ सेंटिमीटर. म्हणजे पट्टे पडले १.८, १.२, सुमारे ०.८६ आणि ०.६४ असे. पहिल्या दोघांचं प्रमाण नेमकं दोनतृतीयांश आलं, म्हणून हातचा नियम खरा वाटायचा. पण त्याच नियमाने तिसरा पट्टा ०.८ यायला हवा होता आणि चौथा ०.५३. फरक तिथून पडत जातो.

आणि चूक ओळखायची कशी? अल्बर्टीची खूण साधी आहे. एका फरशीचा कर्ण पट्टीने पुढे वाढवा. तो पुढच्या फरशांच्या कोपऱ्यांतून सरळ गेला तर जमीन बरोबर. दोनतृतीयांशवाल्या जमिनीत कोपरे रेघेवर बसत नाहीत, कर्ण वाकतो. मला या सगळ्या प्रकरणातली खरी गंमत या कर्णात वाटते. आतापर्यंत चित्र बरोबर की चूक हे वस्ताद सांगायचा. आता ते एखादं शिकाऊ पोर पट्टी लावून सांगू शकत होतं, आणि वस्तादाचीही चूक काढू शकत होतं.

ही रीत अल्बर्टीने लिहून काढली १४३५ साली, पण करून दाखवली होती ती ब्रुनेलेस्कीने, त्याच्या आधी काही वर्षं. फ्लॉरेन्सच्या बाप्तिस्मागृहाचं एक लहान चित्र त्याने लाकडी फळीवर काढलं, फळीला भोक पाडलं आणि आकाशाच्या जागी चकचकीत चांदी लावली. बघणाऱ्याने फळीच्या मागून भोकाला डोळा लावायचा आणि समोर हातात आरसा धरायचा. आरशात चित्र दिसायचं, चांदीत खरे ढग सरकताना दिसायचे. आरसा बाजूला केला की समोर तीच इमारत, त्याच जागी. ती फळी आज उरलेली नाही, पण तिचं वर्णन ब्रुनेलेस्कीच्या चरित्रात आहे. मासाच्चोचं 'ट्रिनिटी' हे भित्तिचित्र मात्र फ्लॉरेन्सच्या सांता मारिया नॉव्हेल्ला चर्चमध्ये अजून आहे. साधारण १४२७ सालचं. क्रुसावरचा ख्रिस्त आणि त्याच्या मागे खोल जाणारी कमान, जणू भिंतीत खरंच एक खोली कोरली आहे. त्या गिलाव्यात रेघा आखल्याच्या खुणा आजही दिसतात. एकत्र येणाऱ्या रेघांचा बिंदू क्रुसाच्या पायथ्याशी, चर्चमध्ये उभ्या असलेल्या माणसाच्या डोळ्याच्या पातळीला ठेवला आहे. विषय पूर्णपणे धार्मिकच आहे, हे विसरू नका. "प्रबोधनात धार्मिक चित्रे जाऊन मानवी चित्रे आली" असं लिहाल तर तपासणाऱ्याची लाल शाई पडेल, आणि पडायलाच हवी.

विज्ञानात बहुतेक जण कोपर्निकसकडे धावतात. त्याचा ग्रंथ १५४३ सालचा, न्युरेंबर्गला छापलेला, मान्य. पण त्याच वर्षी बाझलला छापलेलं दुसरं पुस्तक मला या विषयासाठी जास्त बोलकं वाटतं: अँड्रिअस व्हेसॅलियसचं मानवी शरीररचनेवरचं सात भागांचं पुस्तक. तेव्हा तो अठ्ठावीस वर्षांचा होता, तुमच्यापेक्षा फार मोठा नाही. (गॅलिलिओचा तर जन्मच १५६४ चा आहे, त्याची मोठी कामं १७व्या शतकातली. त्याला या उत्तरात फार तर वारस म्हणून आणा.)

पार्श्वभूमी अशी. युरोपभर वैद्यकाचा शेवटचा शब्द गेलनचा होता. गेलन इसवी सनाच्या २ऱ्या शतकातला ग्रीक वैद्य, रोममध्ये नाव कमावलेला, काही काळ ग्लॅडिएटरांच्या जखमा बांधलेला. माणूस हुशार आणि हात चांगला. पण माणसाचं शव कापायची त्या काळी मुभा नव्हती, त्यामुळे त्याने माकडं, डुकरं, गुरं कापली आणि त्यावरून माणसाचं अनुमान केलं. पुढे मध्ययुगात माणसाची शवं कापली जात नव्हती असं मात्र नाही. बोलोन्याला मोंदिनोने १४व्या शतकाच्या सुरुवातीलाच ती कापली होती आणि त्यावर पुस्तक लिहिलं होतं. "मध्ययुगात चर्चने शवविच्छेदनावर बंदी घातली होती" हे आणखी एक आवडतं चुकीचं वाक्य, त्याला फाटा द्या. अडचण बंदीची नव्हती, वर्गातल्या कामाच्या वाटणीची होती. प्राध्यापक उंच आसनावर बसून ग्रंथ वाचायचा. खाली न्हावी-शल्यवैद्य सुरी चालवायचा. तिसरा माणूस छडीने अवयव दाखवायचा. वाचणाऱ्याचा हात शवाला लागत नव्हता आणि कापणाऱ्याला लॅटिन येत नव्हतं. ग्रंथात एक आणि टेबलावर दुसरंच असलं तरी ते लक्षात येणार कुणाच्या?

व्हेसॅलियस १५३७ साली पादुआला प्राध्यापक झाला आणि आसनावरून खाली उतरून सुरी त्याने स्वतः हातात घेतली. पुस्तकाच्या मुखपृष्ठावरचं चित्र पाहायला मिळालं तर जरूर पाहा: भोवती माणसांची चेंगराचेंगरी, मध्ये शव, आणि शवाला हात लावून उभा आहे तो खुद्द प्राध्यापक. पण लक्षात घ्या, हा गेलनचा वैरी म्हणून सुरुवात करत नाही. १५२५ साली व्हेनिसला गेलनचे ग्रंथ मूळ ग्रीकमधून छापले गेले होते. त्यांच्या नव्या लॅटिन आवृत्तीच्या संपादनात व्हेसॅलियस स्वतः होता. म्हणजे एका हाताने तो गेलनचं वाक्य न् वाक्य शुद्ध करत होता आणि दुसऱ्या हाताने पादुआच्या न्यायाधीशाने पाठवलेली फाशी गेलेल्या गुन्हेगारांची शवं कापत होता. शुद्ध पाठ आणि शव शेजारी शेजारी आल्यावर सबब उरली नाही. आधी म्हणता यायचं की भाषांतर चुकलं असेल, नकलेत घोळ झाला असेल. आता गेलनचंच अस्सल वाक्य समोर होतं आणि हाड वेगळंच सांगत होतं.

एक हाड घेऊ, खालचा जबडा. गेलन म्हणतो, तो दोन हाडांचा. कुत्र्यात मधोमध सांधा असतो, तिथे ते खरं आहे. स्वतःच्या हनुवटीवरून बोट फिरवा: मोठ्या माणसाचा जबडा एकसंध असतो. व्हेसॅलियसने कवट्यांमागून कवट्या पाहिल्या, एकच हाड. छातीच्या मधल्या हाडाचे गेलनने सात भाग सांगितले होते, याला तीन मिळाले. मेंदूच्या तळाशी गेलनने रक्तवाहिन्यांचं एक अद्भुत जाळं वर्णिलं होतं आणि शरीरातल्या प्राणशक्तीची सगळी कल्पना त्यावर उभी होती. ते जाळं मेंढ्या-गुरांत असतं, माणसात नसतं. आणि आधी आपण स्वतः ते विद्यार्थ्यांना दाखवत होतो, माणसाच्या डोक्याजवळ मेंढीचं डोकं तयार ठेवून, ही कबुली व्हेसॅलियसने छापून दिली. १५४० साली बोलोन्याला त्याने माकडाचा आणि माणसाचा सांगाडा शेजारी उभे केले आणि गेलनचं पाठीच्या मणक्याचं वर्णन कोणत्या सांगाड्याला लागू पडतं ते बोट ठेवून दाखवलं. माकडाच्या.

यावर त्याचे पॅरिसचे गुरू जॅक दुब्वा, लॅटिन नाव सिल्व्हियस, यांचं म्हणणं काय होतं ठाऊक आहे? गेलन चुकला नाही, त्याच्या काळानंतर माणसाचं शरीरच बदललं! पुढे त्यांनी शिष्याविरुद्ध पुस्तिका छापून त्याच्या नावाची मोडतोड करून त्याला 'वेडा' म्हटलं. मी हा किस्सा वर्गात नेहमी सांगतो. मुलं हसतात. पण सिल्व्हियस काही मूर्ख नव्हते, ग्रीकवर त्यांचा अधिकार होता. ग्रंथ वाचवायचा म्हणून शरीर बदललं असं म्हणायला एक मोठा विद्वान तयार झाला, यावरून ग्रंथाचं वजन किती होतं ते कळतं.

आणि व्हेसॅलियसची मर्यादाही लिहा, उत्तराला त्याने वजन येतं. गेलनच्या मते हृदयाच्या मधल्या पडद्यातल्या सूक्ष्म छिद्रांतून रक्त उजवीकडून डावीकडे झिरपतं. व्हेसॅलियसला ती छिद्रं सापडली नाहीत. १५४३ साली त्याने देवाच्या करणीचं आश्चर्य करत विषय सोडून दिला. १५५५च्या आवृत्तीत तो शंका जास्त उघडपणे बोलून दाखवतो, पण मग रक्त जातं कुठून याचं उत्तर त्याच्यापाशी नाही. ते पूर्णपणे आलं १६२८ साली इंग्रज वैद्य हार्वेकडून, जो त्याच पादुआला शिकला होता. या काळात चुका सापडल्या बऱ्याच, त्यांच्या जागी बसवायला नवी मांडणी मिळाली ती पुष्कळदा पुढच्या शतकात.

विचारांवरच्या परिणामात "मानवतावाद, व्यक्तिवाद, बुद्धिवाद" असे तीन वाद ओळीने येतात आणि पुढे काहीच येत नाही. मी एकच प्रकरण सांगतो. चर्चकडे एक दानपत्र होतं. सम्राट कॉन्स्टँटाइनने ४थ्या शतकात पोप सिल्वेस्टरला रोम आणि पश्चिमेचं राज्य देऊन टाकलं, असा त्याचा मजकूर. पोपांच्या ऐहिक सत्तेचा हा एक आधार. व्हाल्लाने १४४० साली हे पत्र भाषेवरून तपासलं. त्यात रोमच्या अधिकाऱ्यांना 'क्षत्रप' म्हटलेलं होतं. ४थ्या शतकात रोमच्या दरबारी हा शब्द कोण वापरायचं? त्यात कॉन्स्टँटिनोपलचा उल्लेख होता, पण पत्र ज्या वेळचं म्हणवतं त्या वेळी ते शहर वसलेलंच नव्हतं. लॅटिनही त्या काळाचं नव्हतं. आपल्याकडे शिवकाळातली म्हणून कुणी मोडी सनद आणली आणि तिच्यात 'कलेक्टर' शब्द निघाला तर जाणकार जसा कागद खाली ठेवून देईल, तसंच हे. आज ते दानपत्र ८व्या शतकातलं मानतात.

व्हाल्लाला सत्याचा पुतळा मात्र करू नका. तो तेव्हा नेपल्सची गादी मिळवू पाहणारा आरागोनचा राजा अल्फोन्सो याच्या पदरी होता आणि त्या राजाचं पोपशी भांडण चाललं होतं. धन्याच्या कामाचं संशोधन होतं ते. पुढे हाच व्हाल्ला नव्या पोपच्या दफ्तरात नोकरीला लागला. पण हेतू काही असो, पुरावा कुणालाही तपासता येत होता, त्यासाठी राजाच्या बाजूचं असावं लागत नव्हतं. छपाई आल्यावर जर्मनीत उलरिख फॉन हुटेनने हे लिखाण छापलं आणि १५२० साली ते धर्मसुधारक ल्यूथरच्या हातात पडलं. व्हाल्लाच्याच बायबलविषयक टिपा डच विद्वान इरॅस्मसला एका मठात सापडल्या, त्याने त्या १५०५ साली छापल्या आणि १५१६ साली नव्या कराराचा ग्रीक पाठ प्रसिद्ध केला. धर्मसुधारणेशी जोडणारा दुवा विचारला तर हा लिहा, "लोक बुद्धिवादी झाले" हे नको. इरॅस्मस काय, ल्यूथर काय, दोघेही पक्के श्रद्धाळू होते.

मराठीतून लिहिणाऱ्यांची एक खास अडचण सांगतो. आपण 'प्रबोधन' हा शब्द तीन ठिकाणी वापरतो: इटलीत सुरू झालेलं हे, १८व्या शतकातलं फ्रान्समधलं व्हॉल्तेअर वगैरेंचं, आणि १९व्या शतकातलं बाळशास्त्री जांभेकर, जोतीराव फुले यांच्या काळातलं महाराष्ट्राचं. उत्तरपत्रिकेत व्हॉल्तेअर आणि मासाच्चो एका परिच्छेदात भेटतात ते यामुळे. पहिल्याच वाक्यात शतक आणि इटली लिहून टाका, गोंधळ टळतो.

भारताशी संबंध विचारला तर वास्को द गामावर पानभर लिहू नका. गोव्यात १५६३ साली छापलेलं एक पुस्तक आहे, गार्सिया द ओर्ताचं, इथल्या वनस्पती आणि औषधांवरचं. हा पोर्तुगीज वैद्य सालामांका आणि अल्कला इथे शिकला, १५३४ साली भारतात आला, अहमदनगरच्या बुऱ्हाण निजामशहाच्या दरबारी उपचाराला जायचा, आणि मुंबई बेट त्याच्याकडे भाडेपट्ट्याने होतं. पुस्तक संवादरूप आहे. एक तो स्वतः, दुसरा रुआनो नावाचा कल्पित वैद्य, नुकताच युरोपातून आलेला, प्रत्येक गोष्टीला ग्रीकांचं प्रमाण देणारा. ओर्ता त्याला बजावतो की मला गेलन-डायोस्कोरिडीसची भीती घालू नकोस, मी डोळ्यांनी पाहिलेलं सांगतोय. मग दासीला हाक मारतो आणि ती फळ किंवा पाला आणून समोर ठेवते. हकीम-वैद्यांना विचारून त्याने औषधांची देशी नावंही घेतली. स्पेनमध्ये असताना गेलनविरुद्ध बोलायची माझी छाती नव्हती, हेही तो कबूल करतो. युरोपातल्या क्लुसियस या वनस्पतिशास्त्रज्ञाने चारच वर्षांत त्याचा संक्षेप लॅटिनमध्ये काढला आणि तो युरोपभर गेला.

ओर्ता मूळच्या ज्यू घराण्यातला, सक्तीने ख्रिस्ती झालेल्यांपैकी. १५६८ साली तो वारला. पुढच्याच वर्षी गोव्याच्या इन्क्विझिशनने, म्हणजे चर्चच्या धर्मन्यायालयाने, त्याच्या बहिणीला, कातारिनाला, जिवंत जाळलं. १५८० साली त्याचीही हाडं थडग्यातून उकरून जाळली. "प्रबोधनाच्या मर्यादा" असा उपप्रश्न आला तर ही दोन वर्षं लिहा. दहा गुणांच्या उत्तरात ओर्ताला दोन ओळींपेक्षा जास्त जागा मिळणार नाही, वीस गुणांच्यात अर्धं पान द्यायला हरकत नाही.